पावाला मिशी हवी

काल संध्याकाळी लादी पाव आणायला गेलो आणि बेकरीच्या काउंटरवर उभं राहून फुकटात डिझायनिंगचं लेक्चर ऐकून आलो, तेही अशा माणसाकडून ज्याने पूर्ण वेळ डोक्यावरचं हेल्मेट काढलं नाही.

झालं असं की बेकरीवाल्या शेठना मॅस्कॉट हवाय. पिशवीवर, केकच्या बॉक्सवर आणि नव्या बोर्डवर एकच. त्यांचा पुतण्या मोबाईलवर चित्र बनवणाऱ्या ॲपमधे प्रॉम्प्ट टाकत होता, आणि मी याच धंद्यातला म्हणून शेठ म्हणाले, "जरा बघता का, दोन मिनिटांचं काम आहे." (हे दोन मिनिटांचं काम ज्याने शोधलं त्याला एकदा भेटायचंय.)

तेवढ्यात हेल्मेटवाले काका. गरम पॅटिसची वाट बघत होते. काच वर केली आणि पुतण्याला डिक्टेशन सुरू. "लिही, पाव हसतोय. फेटा बांधलाय. झुबकेदार मिशी. हातात ट्रे, ट्रेमधे खारी, नानकटाई, क्रीमरोल. वाफ येतीये. मागे सूर्योदय."
मी म्हटलं, सूर्योदय कशाला?
"पाव सकाळी खातात ना!"
पोरगं बिचारं सगळं टाईप करत गेलं. वर काकांचं, "बेकरीचं नाव पण लिही, मराठीत, सोनेरी."

चित्र आलं. चकचकीत थ्रीडी पाव, अंगावर लव असल्यासारखी, क्रीमरोल बोटातून उगवलेला, आणि नावातली जोडाक्षरं अशी तुटलेली की ती कुठल्या लिपीत आहेत तेच कळेना. काका खूष! "वा, जिवंत वाटतो!"

आता हे छापायचं कुठे, तर खाकी कागदी पिशवीवर, एका रंगात, स्क्रीन प्रिंटिंगने. मी समजावलं की यात रंग हळूहळू फिका होत जात नाही, शाई लागते किंवा नाही लागत. वाफेच्या बारीक रेषा एकतर पडणार नाहीत, नाहीतर कागद शाई पिऊन त्यांचा डाग होणार. आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे पांढरा रंग. पांढरी शाई वेगळी छापली नाही तर चित्रातल्या पांढऱ्या जागी कागदच दिसतो, म्हणजे पावाचे ते टपोरे पांढरे डोळे पिशवीवर खाकी, कावीळ झाल्यासारखे. बोर्डचं दुखणं अजून वेगळं. तिथे विनाईल कापून चिकटवायचं, तर क्रीमरोलचा प्रत्येक वळसा मशीनने कापून हाताने सोलत बसायचं, आणि एवढं करून रस्त्यापलीकडून दिसणार काय, एक गोळा.

मग मोबाईल घेतला आणि सगळं उडवून एवढंच ठेवलं:

```
flat mascot, one bread bun, rounded square body,
two solid dot eyes, one curved smile, thick outline,
front view, solid black on plain white background
```

"नाव नको, वाफ नको" असंही लिहिलं नाही, कारण ही ॲप्स नको म्हटलेली वस्तू बरेचदा हटकून चित्रात आणतात, त्यापेक्षा हवं तेवढंच सांगावं. नाव नंतर नीट फॉन्टमधे बसवायचं. आणि आलेलं चित्र तसंच बोर्डवाल्याला द्यायचं नाही, मोठं केलं की कडा फाटतात, ते व्हेक्टरमधे परत काढून घ्यायचं.

चित्र आलं, साधं, छान. मी ते स्क्रीनवर नखाएवढं करून दाखवलं, तरी पाव पावच दिसत होता.

काकांनी बघितलं. "हे? हे तर माझी नात काढते."

आता नात काढू शकते एवढं सोपं असणं हेच तर पाहिजे ना, पण हे हेल्मेटमधल्या माणसाला कोण सांगणार. वर म्हणाले, "याचे तुम्ही पैसे घेता?" घेतो काका. निदान मागतो तरी.

शेवटी शेठनी तोडगा काढला, मिशी ठेवा. मिशी टाकली. आणि वैताग असा की मिशी चालली! स्माईलच्या जागी एक जाड काळा आकार, एका रंगात बसतो, नखाएवढा केला तरी दिसतो, नुसत्या डोळ्यांच्या पावापेक्षा लांबून लवकर ओळखू येतो. काका पॅटिस खात उभे आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाईकाला दाखवतायत, "आयडिया माझी बरं का."

मी शेठना हळूच विचारलं, व्हेक्टर करायचे किती देणार. ते म्हणाले, "अहो तुम्ही घरचेच," आणि पावाच्या पिशवीत पाव किलो खारी टाकली. पावाचे पैसे मात्र घेतले. वर पुतण्या म्हणतोय, "दादा, फाईल उद्या सकाळपर्यंत द्याल ना, बोर्डवाला थांबलाय."