चार वेळा x आणि एक आरोप

> लेख वाचला. (x + x)² उघडून 4x² लिहिताना तुम्ही गुणाकाराची क्रमनिरपेक्षता आधीच वापरून टाकली आहे, म्हणजे जे सिद्ध करायचं तेच गृहीत धरलं. शून्य रिंगचा विचारच केलेला नाही. x³ = x असेल तर काय, यावर चकार शब्द नाही. शिकवणाऱ्याने तरी लिहिण्याआधी तपासून घ्यावं.

नमस्कार. आपण वेळ काढून लेख वाचलात आणि लिहिलंत, त्याबद्दल आभार. लेखातलं विधान एवढंच होतं: ज्या रिंगमध्ये प्रत्येक घटक x साठी x² = x ही अट पाळली जाते, तिची कॅरॅक्टरिस्टिक 2 असते आणि तिच्यातला गुणाकार क्रमनिरपेक्ष असतो, म्हणजे xy = yx. उत्तर द्यायला चार दिवस लागले. पैकी पहिले दोन आपल्या शेवटच्या वाक्यावर गेले, हे कबूल करतो. "शिकवणाऱ्याने तरी" यातला तो "तरी" कशासाठी? चूक दाखवायची असेल तर दाखवावी, ब्लॉग त्यासाठीच आहे. पण चूक दाखवण्याआधी ती आहे की नाही हे बघून घ्यावं, एवढी अपेक्षा मीही ठेवू शकतो ना?

आधी आपलं जे बरोबर आहे ते मान्य करून टाकतो. शून्य रिंगमध्ये एकच घटक, 0. तिथे 0² = 0, म्हणजे अट पाळली जाते. पण कॅरॅक्टरिस्टिक म्हणजे ज्या सर्वांत लहान धन पूर्णांकाने गुणल्यावर प्रत्येक घटक शून्य होतो तो, आणि इथे 1 नेच काम भागतं. तेव्हा शून्य रिंगची कॅरॅक्टरिस्टिक 1 आहे, 2 नाही. विधानात "शून्येतर" हा शब्द हवा होता. तो राहिला, माझी चूक. एका शब्दाची.

आता पहिलं वाक्य. त्याच्यावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण आरोप साधा नाही. जे सिद्ध करायचं तेच गृहीत धरणं ही गणितातली सगळ्यांत लाजिरवाणी चूक, आणि ती आपण माझ्या नावावर एका ओळीत लिहून मोकळे झालात.

(x + x)(x + x) उघडायचं म्हणजे काय करायचं? पहिल्या कंसातला प्रत्येक x डावीकडे ठेवायचा, दुसऱ्या कंसातला प्रत्येक x उजवीकडे ठेवायचा, आणि चारही गुणाकारांची बेरीज करायची. हा वितरणाचा नियम. तो डावीकडून आणि उजवीकडून, दोन्ही बाजूंनी, रिंगच्या व्याख्येतच दिलेला असतो. चार गुणाकार कोणते आले? xx, xx, xx आणि xx. यात कोणी कोणाशी जागा बदलली, सांगा बरं. डावीकडचा x उजवीकडे गेला असं समजलात तरी तिथे x च होता. कुठलाही घटक स्वतःशी क्रमनिरपेक्ष असतोच, त्यासाठी रिंग क्रमनिरपेक्ष असावी लागत नाही. म्हणून (x + x)² = 4x² हे कुठल्याही रिंगमध्ये खरं आहे. आमच्या अटीप्रमाणे डावी बाजू x + x, म्हणजे 2x, आणि x² = x असल्यामुळे उजवी बाजू 4x. दोन्हीकडून 2x वजा केलं की 2x = 0. झालं. x = −x.

आपल्याला कदाचित पुढची पायरी म्हणायची असेल, जिथे x आणि y वेगळे आहेत. तिथे खरंच धोका असतो. शाळेपासून हाताला x² + 2xy + y² ची सवय लागलेली असते, आणि ते 2xy लिहिलं की xy = yx चोरपावलांनी आत येतं. पण मी ते लिहिलेलं नाही. लेखात x² + xy + yx + y² असं आहे, xy आणि yx वेगवेगळे. पुन्हा एकदा बघा, मी थांबतो.

"गृहीत धरलं" की "नाही धरलं" हा वाद तोंडी संपत नाही, म्हणून एक चाचणी सांगतो. जिथे गुणाकार खरोखरच क्रमनिरपेक्ष नाही अशा रिंगमध्ये ती ओळ चालवून बघायची. ओळीत क्रमनिरपेक्षता लपलेली असेल तर ती तिथे मोडते. 2 × 2 मॅट्रिक्स घ्या, आकडे फक्त 0 आणि 1, आणि 1 + 1 = 0.

```
A = [1 1]    B = [1 0]
    [0 0]        [0 0]
```

कागदावर गुणून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. A² = A आणि B² = B, म्हणजे दोघेही आपापल्या वर्गाइतके. पण AB = B आणि BA = A. A आणि B वेगळे आहेत, तेव्हा AB ≠ BA. आता A + B ला वरच्या ओळीत 0 1 आणि खाली 0 0 येतं, आणि त्याचा वर्ग केला तर शून्य मॅट्रिक्स मिळते. माझ्या पद्धतीने उघडलं तर A² + AB + BA + B², म्हणजे A + B + A + B, म्हणजे शून्य. उत्तर जुळलं. शाळेच्या सूत्राने उघडलं तर A² + 2AB + B², यात 2AB शून्य, उरलं A + B, आणि ते शून्य नाही. सूत्र मोडलं. क्रमनिरपेक्षता कोणी वापरली आणि कोणी नाही, हे मॅट्रिक्सनेच सांगितलं.

याच उदाहरणात आणखी एक गोष्ट दिसते, जी खरं तर मूळ लेखातच यायला हवी होती (हे आपण विचारलं नव्हतंत, मीच सांगतोय). A आणि B दोघेही अट पाळतात, तरी त्यांची अदलाबदल होत नाही. मग आपल्या प्रमेयात जोर कुठून येतो? "प्रत्येक घटक" या शब्दांतून. अट फक्त x आणि y पाळत असतील तर काहीच हाती लागत नाही. x + y ने सुद्धा ती पाळली पाहिजे, आणि A + B इथे नेमकं तेच करत नाही. म्हणून सिद्धतेत x + y चा वर्ग घ्यावा लागतो. तो घेतला की x + xy + yx + y = x + y, दोन्हीकडचे x आणि y बेरजेतून उडवले की xy + yx = 0.

बेरजेतून उडवले, गुणाकारातून नाही! रिंगमध्ये बेरीज व्याख्येनेच क्रमनिरपेक्ष असते आणि प्रत्येक घटकाला ऋण घटक असतो, म्हणून हे उडवणं केव्हाही चालतं. हेही मी "गृहीत" धरलं असं वाटत असेल तर हो, धरलं. व्याख्या गृहीत धरायचीच असते.

गुणाकारातून उडवणं मात्र चालत नाही, आणि हे मला कोणी शिकवायची गरज नाही, कारण मी त्याची किंमत मोजली आहे. एम.एस्सी.च्या तोंडी परीक्षेत मला हाच प्रश्न आला होता. ग्रुपमध्ये प्रत्येक घटकाचा वर्ग e असेल तर xyxy = e पासून सरळ xy = yx मिळतं, ते डोक्यात होतं. तोच खाक्या मी इथे लावला. फळ्यावर लिहिलं xyxy = xy, डावीकडचा x उडवला, उजवीकडचा y उडवला, आणि yx = 1 असं लिहून विजयी मुद्रेने वळलो. परीक्षकांनी एवढंच विचारलं, "आणि x = 0 असेल तर?" फळ्यावर 0 = 1 लिहिलेलं होतं. त्यानंतर 23 वर्षं हा विषय शिकवतोय, आणि दर वर्षी ही सिद्धता फळ्यावर लिहिताना प्रत्येक पायरीला "हे कशाच्या जोरावर?" असं विचारूनच पुढे जातो. तेव्हा तपासून लिहायचा सल्ला मला देताना तुम्ही जरा माणूस बघायला हवा होता.

शेवटची पायरी तुम्ही सोडून दिलीत. आक्षेप घ्यायचाच होता तर तिथे निदान विचार करण्यासारखं काही होतं. xy + yx = 0 वरून xy = −yx मिळतं, xy = yx नाही. मधलं ऋण चिन्ह पुसायला −yx = yx लागतं, आणि ते 2x = 0 मधून येतं, x च्या जागी yx ठेवून. म्हणून लेखात कॅरॅक्टरिस्टिक आधी आणि क्रमनिरपेक्षता नंतर आहे. कोणी म्हणेल की xy + yx = 0 मध्येच y = x ठेवलं तरी 2x² = 0, म्हणजे 2x = 0, सुटतं. बरोबर आहे, एक ओळ वाचते. पण तिथेही आधी 2x = 0 आणि मग चिन्ह, हा क्रम बदलत नाही.

बऱ्याच ठिकाणी 1 + 1 चा वर्ग घेऊन 2 = 0 दाखवतात. मी तसं मुद्दाम केलं नाही, कारण त्याला रिंगमध्ये 1 असावा लागतो. नैसर्गिक संख्यांचे फक्त सांत उपसंच घ्या. दोन संचांपैकी नेमक्या एकात असलेले घटक ही बेरीज, आणि छेद हा गुणाकार. कुठल्याही संचाचा स्वतःशी छेद तो संचच, म्हणजे अट पाळली जाते. पण इथे 1 नाही, कारण त्याच्यात सगळ्या नैसर्गिक संख्या असाव्या लागतील आणि मग तो सांत राहणार नाही. माझी सिद्धता इथेही जशीच्या तशी चालते. घाईत लिहिणारा माणूस याचा विचार करतो का, ते तुम्हीच ठरवा.

x³ = x बद्दल: तो वेगळा प्रश्न आहे आणि लेखाचं शीर्षक वाचलं असतं तर कळलं असतं. 2x चा घन 8x, तो 2x इतका असायला हवा, म्हणून 6x = 0 एवढंच मिळतं. 3 ने भागून उरणाऱ्या बाक्यांच्या रिंगमध्ये प्रत्येक घटक आपल्या घनाइतका असतो, आणि तिची कॅरॅक्टरिस्टिक 3 आहे. रिंग क्रमनिरपेक्ष असते हे मात्र तिथेही खरं, आणि घातांक प्रत्येक घटकासाठी 1 हून मोठा पण वेगवेगळा असला तरी खरं, हे जेकबसनने 1945 मध्ये सिद्ध केलं. ती सिद्धता चार ओळींची नाही. प्रतिक्रियेच्या चौकटीत तर नाहीच नाही.

"शून्येतर" हा शब्द आत्ताच विधानात घातला आहे. 4x² ची ओळ होती तशीच ठेवली आहे.