यूपीआय फेल झालं, पैसे कापले गेले. मग मधल्या वेळात ते असतात कुठे?

मालवणच्या मासळी बाजारात शनिवारी संध्याकाळी हे बोलणं हमखास कानावर पडतं. गिऱ्हाईक मोबाईल पुढे करून म्हणतं, "मावशी, पैसे कापले गेले, हा बघा मेसेज." मावशी आपल्या फोनकडे बघते आणि म्हणते, "तुझे गेले असतीत, पन माका खंय गावले?" दोघंही खरंच बोलत असतात. मागे उभे असलेले मात्र निकाल देऊन मोकळे होतात: "सर्व्हर डाऊन आसा." हे उत्तर ऐकून कोणाचाच प्रश्न सुटत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितो.

आपल्याला वाटतं की पिन टाकला की पैसे एका उडीत समोरच्याकडे जातात. प्रत्यक्षात त्या दोन उड्या असतात. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेचा एक स्विच असतो, म्हणजे बँकांमधले निरोप इकडून तिकडे पोचवणारी यंत्रणा. आधी हा स्विच तुमच्या बँकेला सांगतो, या खात्यातून इतके कापा. तुमची बँक कापते आणि "कापले" असं उत्तर देते. ते उत्तर आल्यावरच स्विच समोरच्या बँकेला सांगतो, आता त्या खात्यात जमा करा. तिकडून "जमा केले" असं आलं की दोन्ही मोबाईलवर हिरवी टिक येते. तुमच्या बँकेचा मेसेज पहिल्या उडीनंतरच सुटतो, दुसरीची वाट बघत नाही. म्हणून "डेबिट झाले" हा मेसेज आणि "पेमेंट फेल" हा स्क्रीन, दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात.

आता घोळ नेमका कुठे झाला त्यावर पैसे कधी येणार ते ठरतं.

सगळ्यात साधा प्रकार म्हणजे समोरच्या बँकेने सरळ नकार दिला. खातं गोठवलेलं आहे, बंद आहे, असं काहीतरी. नकार स्पष्ट असल्यामुळे स्विच लगेच तुमच्या बँकेला उलट नोंद करायला सांगतो आणि पैसे बहुतेक वेळा काही सेकंदांत किंवा मिनिटांत परत दिसतात. यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

दुसरा प्रकार आपल्याच बँकेतला. बँकेने पैसे कापले, पण "कापले" हे उत्तर स्विचपर्यंत वेळेत पोचलं नाही. ही वेळ फार थोडी असते. पूर्वी ३० सेकंद होती, जून २०२५ पासून १५ सेकंद झाली. तेवढ्यात उत्तर नाही आलं की स्विच व्यवहार फेल धरतो आणि समोरच्या बँकेला काही सांगतच नाही. म्हणजे पैसे तुमच्या बँकेबाहेर गेलेलेच नसतात, फक्त तुमच्या शिल्लकेतून वजा झालेले असतात. उलट नोंदीचा निरोप जातो, पण ज्या बँकेची यंत्रणा मुळात उत्तर द्यायला दमली आहे तिला तो निरोपही कधी कधी पेलत नाही. मग दुसऱ्या दिवशी बँक एनपीसीआयच्या हिशेबाशी आपला हिशेब ताडून बघते, फरक सापडतो आणि पैसे परत टाकले जातात. "फेल" दिसूनही पैसे रात्रभर अडकतात ते बऱ्याचदा यामुळे.

तिसरा प्रकार खरा डोकेदुखीचा, आणि मावशीच्या बाबतीत बहुधा हाच असतो. पैसे कापले गेले, स्विचने समोरच्या बँकेला जमा करायला सांगितलं, आणि तिकडून ना हो, ना नाही. नुसती शांतता. अशा वेळी स्विच पैसे ताबडतोब परत फिरवत नाही, कारण ते तिकडे खरोखर जमा झालेले असू शकतात आणि फक्त उत्तर हरवलेलं असू शकतं. परत फिरवले तर मावशीकडे पैसे आणि गिऱ्हाईकाकडेही पैसे, असं व्हायचं. या अवस्थेला पेमेंटवाल्यांच्या भाषेत 'डीम्ड' म्हणतात, म्हणजे झालं असं धरून चालणं. तुमच्या अ‍ॅपमध्ये ते 'पेंडिंग' किंवा 'प्रोसेसिंग' म्हणून दिसतं. आता हिशेब लावायची जबाबदारी मावशीच्या बँकेवर: एकतर तिच्या खात्यात जमा कर, नाहीतर परत पाठव.

इथे एक उदाहरण तारखांसह घेऊ, म्हणजे मोजणी नीट कळेल. समजा ९ मे २०२६, शनिवार, संध्याकाळी ७ वाजता सुरमईचे १,४०० रुपये मावशीच्या मोबाईल नंबरवर पाठवले. कापले गेले, स्क्रीनवर पेंडिंग. मावशीचं खातं एका लहान बँकेत आहे आणि तिची यंत्रणा त्या वेळी उत्तर देत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे व्यवहाराचा दिवस म्हणजे टी, आणि अशा माणसाकडून माणसाकडे पाठवलेल्या पैशांसाठी मुदत टी अधिक १. जमा करता येत नसेल तर समोरच्या बँकेने रविवार १० तारखेपर्यंत ते परत पाठवायचे. हो, रविवार धरूनच. टी म्हणजे कॅलेंडरची तारीख, बँकेचा कामाचा दिवस नव्हे. "सोमवारी बँक उघडल्यावर बघू" असं कोणी काउंटरवर सांगितलं तर हे परिपत्रक दाखवा.

सोमवारपासून मीटर सुरू होतो. उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, रक्कम १,४०० असो की ४०. पैसे बुधवारी १३ तारखेला आले तर सोमवार, मंगळवार, बुधवार असे ३०० रुपये जास्त यायला हवेत. ही भरपाई बँकेने न मागता जमा करायची असते, तक्रारीची वाट न बघता. मुद्दल परत आलं की आपण खूश होऊन विषय सोडून देतो आणि ते ३०० आले का हे बघतही नाही, हे माझ्या मते चुकतं. आंब्याच्या पेटीत दोन डझन कमी निघाले तर आपण गप्प बसतो का?

मावशीकडे नंबर नसून दुकानाचा क्यूआर असता, तो बोलणारा डबा ठेवलेला, तर मोजणी बदलते. दुकानाला दिलेल्या पैशांत तुमचे कापले गेले आणि दुकानापर्यंत खात्री पोचली नाही, तर मुदत टी अधिक ५. म्हणजे शनिवारचे पैसे गुरुवार १४ तारखेपर्यंत, आणि शुक्रवारपासून १०० रुपये रोज. त्यामुळे "मित्राचे दुसऱ्या दिवशी आले, माझे चार दिवस का नाही आले" या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा एवढंच असतं की मित्राने माणसाला पाठवले होते आणि तुम्ही दुकानाला.

आपल्याकडचा एक गैरसमजही काढून टाकायला हवा. घाटात रेंज गेली म्हणून पैसे अडकले, असं सगळे म्हणतात. पिन टाकून निरोप फोनमधून निघाला की पुढचं सगळं बँका आणि स्विच यांच्यात चालतं. तुमचा फोन त्यानंतर करूळ घाटातल्या धुक्यात असला तरी फरक पडत नाही. रेंज निरोप निघायच्या आधी गेली तर पैसे कापलेच जात नाहीत. निघाल्यानंतर गेली तर पेमेंट पूर्ण झालेलं असूनही तुम्हाला गोल चक्र फिरताना दिसू शकतं. तसंच त्या बोलणाऱ्या डब्याचं. त्यातही सिमकार्ड असतं आणि त्यालाही रेंज लागते. डबा गप्प राहिला म्हणजे पैसे आले नाहीत असं नव्हे. दुकानदाराने अ‍ॅपमध्ये किंवा खात्याच्या शिल्लकेत बघावं.

मग समोर मासळी कापून तयार आहे, तेव्हा काय करायचं? स्क्रीनवरचा शब्द वाचा. 'फेल' असेल तर दुसऱ्यांदा द्यायला हरकत नाही, पहिले कापले गेले असतील तर परत येतील. 'पेंडिंग' असेल तर लगेच पुन्हा पाठवू नका, कारण पहिले पैसे अर्ध्या तासाने मावशीकडे जमा होऊ शकतात आणि मग तुमचे दोनदा गेले. रोख द्या, आणि पहिले आले तर परत कर असं बोलून ठेवा. गावात हे चालतं. सारखं सारखं स्टेटस दाबूनही काही होत नाही. ऑगस्ट २०२५ पासून पेंडिंग व्यवहाराची स्थिती तीनदाच तपासता येते, तीही दर वेळी ९० सेकंदांच्या अंतराने.

त्या व्यवहारात उघडून बघितलं तर १२ आकडी यूटीआर नंबर दिसेल. तो लिहून ठेवा. सहसा त्याचा पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा असतो आणि पुढचे तीन वर्षातला कितवा दिवस ते सांगतात. ९ मे २०२६ चा नंबर ६१२९ ने सुरू होईल, कारण तो वर्षाचा १२९ वा दिवस. तक्रार करताना चुकून दुसऱ्याच व्यवहाराचा नंबर दिलाय का, हे यावरून पटकन कळतं. पैसे परत आले का हेही मेसेजवर सोडू नका, लहान रकमेचे मेसेज काही बँका पाठवत नाहीत. पासबुकात तोच नंबर पुन्हा जमेच्या बाजूला आला आहे का ते शोधा.

मुदत उलटली तर अ‍ॅपमधल्या त्याच व्यवहारावर जाऊन तक्रार नोंदवा, आणि आपल्या बँकेतही लेखी द्या. समोरच्याला तोच नंबर घेऊन त्याच्या बँकेत जायला सांगा. पेंडिंगच्या प्रकरणात किल्ली त्याच बँकेकडे असते, आणि तुमच्या शाखेत कितीही आरडाओरडा केला तरी तिथल्या माणसाच्या हातात काही नसतं. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, त्याला पैसे लागत नाहीत.

गुगलवर 'कस्टमर केअर' शोधून मिळालेल्या नंबरवर मात्र फोन करू नका. पैसे अडकलेल्या माणसांची वाट बघत तिथे दुसरेच बसलेले असतात. परतीचे पैसे ज्या खात्यातून कापले गेले त्यातच आपोआप येतात, त्यासाठी पिन, ओटीपी किंवा कोणतं अ‍ॅप टाकायला कोणी सांगत असेल तर फोन ठेवा. पिन टाकून बसलाच असाल तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.

आणि चुकीच्या नंबरवर पाठवलेले पैसे यात येत नाहीत. तो व्यवहार यशस्वी झालेला असतो, त्याला ना टी अधिक १, ना १०० रुपये. मावशीच्या नंबरातला एक आकडा चुकला, तर तिथून पुढचा रस्ता वेगळा आणि बराच लांबचा.