मास्तर ‘होते’ की ‘आहेत’?

आमच्या टीममधला एक मित्र म्युनिकला चाललाय, कायमचा नाही, पण “दोन-तीन वर्षं बघू” म्हणून गेलेले लोक कसे दोन-तीन वर्षं बघतात ते आपल्याला माहितीय. त्याला आम्ही मास्तर म्हणतो, कारण तो सगळ्यांच्या मेलमधले स्पेलिंग सुधारतो आणि वर रिप्लाय-ऑल करतो. तर मास्तरचा निरोपाचा डिनर ठरला, बाणेरला, बावीस लोक, फॅमिलीसकट. आणि ग्रुपवर कुणीतरी टाकलं की टोस्ट मी करणार. मला विचारलं नव्हतं. खाली अठरा अंगठे आले की आपल्याला विचारल्यासारखंच असतं.

आता टोस्ट म्हणजे आमच्या घरी चहात बुडवायचा तो. आपल्याकडे निरोपाला ‘दोन शब्द’ बोलतात, आणि दोन शब्द कधीही वीस मिनिटांच्या आत संपत नाहीत. बाबांच्या रिटायरमेंटला एका साहेबांनी बाबांची कारकीर्द बाजूला ठेवून स्वतःची सांगितली होती, ती संपेपर्यंत वेफर्स सादळले. टोस्ट हा वेगळा प्रकार आहे हे मला हळूहळू कळलं. ग्लास हातात, लोक उपाशी, दोन मिनिटं, बास. आपण साधारण मिनिटाला सव्वाशे शब्द बोलतो, म्हणजे अडीचशे शब्दांत गाशा गुंडाळायचा. माझा पहिला ड्राफ्ट नऊशे शब्दांचा होता. सात मिनिटं, आणि ती पण मधे कोणी हसलं नाही तर, जे तो ड्राफ्ट वाचून शक्य वाटत होतं.

बायकोला वाचून दाखवला. ती भाजी निवडत होती, चौथ्या वाक्याला हात थांबला.

“कोण गेलं?”

“मास्तर. म्युनिकला.”

“नाही, पण हे ऐकून वाटतंय की *गेलेच*.”

परत वाचलं तर खरंच की. ‘मास्तर अत्यंत मनमिळाऊ होते. कुणाच्याही मदतीला धावून जायचे. त्यांची उणीव आम्हाला कायम भासेल.’ याच्या खाली फक्त ‘शोकाकुल मित्रपरिवार’ लिहायचं बाकी होतं. मराठीत निरोपाचं भाषण आणि श्रद्धांजली यांच्यात एका ‘होते’चं अंतर आहे, आणि आपण शाळेपासून दोन्हीसाठी एकच शब्द वापरत आलोय. ‘हसतमुख’ घ्या, ‘उमदा’ घ्या, ‘पोकळी’ तर विचारूच नका. इंग्लिशमधे करावं तर मास्तरची आई येणार होती, काकूंना इंग्लिश कळतं पण त्यांना त्यात गहिवरून येत नाही असं त्या स्वतःच सांगतात.

मग बसून सगळे ‘होते’ खोडून ‘आहेत’ केले. तेवढ्याने झालं नाही, कारण ‘मास्तर मनमिळाऊ आहेत’ हे लग्नाच्या स्थळासारखं वाटायला लागलं. शेवटी बायको म्हणाली, गुण सांगूच नकोस, एक गोष्ट सांग आणि खाली बस. हा सल्ला फुकट मिळाला म्हणून मी थोडा उशिरा ऐकला.

गोष्ट निवडणं हे खरं बाळंतपण आहे. सगळ्यात भारी किस्सा आमच्याकडे होता तो शुक्रवार रात्रीच्या रिलीजचा, ज्यात मास्तरने टेस्टचा समजून प्रॉडक्शनचा डेटाबेस साफ केला आणि आम्ही पहाटे पाचपर्यंत बॅकअपमधून परत भरला. पण मॅनेजर समोर बसणार, आणि त्याच्या लेखी तो अजूनही ‘नेटवर्क इश्यू’ आहे. दुसरा किस्सा गोव्याचा, तो मास्तरच्या बायकोसमोर चालत नाही. तिसरा मॅनेजरबद्दलच होता. आई, बायको आणि मॅनेजर एका टेबलावर बसले की माणसाबद्दल सांगण्यासारखं जे उरतं ते म्हणजे त्याचा डबा.

तर डब्यावर ठरलं. जेवणाच्या सुट्टीत मास्तरचा डबा उघडला की आजूबाजूच्या डेस्कवरचे सगळे गोळा व्हायचे, काकूंच्या हाताला चवच तशी आहे, आणि मास्तर तो सगळा वाटून टाकून स्वतः कॅन्टीनमधे मिसळ खायचा. किती निरागस गोष्ट. मला वाटलं यात कुठेच सुरुंग नाही.

डिनरच्या दिवशी पहिली चूक वेळेची. मी म्हणलं मेन कोर्स येऊ दे, लोक स्थिर होतील. टोस्ट स्टार्टर उचलल्यावर आणि मेन कोर्सच्या आधी करायचा असतो, का, ते मला तेव्हा कळलं जेव्हा मी ग्लासवर चमचा वाजवला आणि वेटर धावत आला, “यस सर?” त्याला परत पाठवेपर्यंत तीन सिझलर आले. सिझलरच्या चर्रर्र आवाजापुढे, आणि त्या धुरापुढे, माणूस टोस्ट करत नाही, फक्त तोंड हलवताना दिसतो. शिवाय लांबलचक टेबल, मी एका टोकाला उभा. पलीकडच्या टोकाचे आठ जण मी बोलतोय हे न कळून स्कोअर बघत होते. मधोमध उभं राहायला हवं होतं.

दुसरी चूक, ‘चिअर्स’ कधी म्हणायचं ते लोकांना आधी सांगितलं नाही. मी पहिल्याच वाक्यात “मास्तरसाठी” म्हणलो आणि अर्ध्या टेबलाने तिथेच ग्लास रिकामे केले. पुढचं सगळं भाषण रिकाम्या ग्लासांसमोर.

तरी डब्यावर आलो तेव्हा लोक हसले. मला चढली, बियर नाही, हशा. म्हणून जे लिहिलं नव्हतं ते पण बोललो, “सहा वर्षांत मास्तरने घरचा डबा सहा वेळासुद्धा खाल्ला नसेल, आणि काकू, तुमचं ते कारलं तर आम्ही चाटूनपुसून खातो!”

काकूंचा घास हातात थांबला. त्यांनी मुलाकडे बघितलं. “म्हणजे रोज संध्याकाळी ‘मस्त होतं’ म्हणायचास ते?”

मास्तर सिझलरच्या धुरात जमेल तेवढा लपला. त्याची बायको हसत होती, तिला आधीपासून माहिती असणार. मी घाईघाईने शेवटाकडे वळलो. जर्मनीत ग्लास भिडवताना समोरच्याच्या डोळ्यात बघावं लागतं, नाही बघितलं तर उद्धट समजतात, तेवढं वाचून आलो होतो, तर सगळ्यांना म्हणलं डोळ्यात बघा आणि म्हणा “प्रोस्ट!” बावीस जणांनी एकमेकांकडे टक लावली. फक्त मास्तर आईच्या डोळ्यात बघेना.

आणि घाईत शेवटचं वाक्य निसटलंच. “असा मित्र होता—” म्हणलो, टेबल गप्प, “आहे! आहे!” मी ओरडलो. योगायोगाने सिझलर तेव्हाच थंड झाले होते, त्यामुळे हे मात्र शेवटच्या टोकापर्यंत ऐकू गेलं.

निघताना काकू माझ्याजवळ आल्या. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. म्हणाल्या, “कारलं खरंच आवडतं तुला?”

खरं सांगायचं तर कारलं कोणीच खायचं नाही, ते आम्ही आळीपाळीने टिश्यूत गुंडाळायचो. पण हातात अजून ग्लास होता, टोस्टच्या भरात होतो. “खूप, काकू.”

मास्तर बुधवारी उडाला. गुरुवारी साडेबाराला रिसेप्शनवरून फोन, “सर, तुमच्या नावाने डबा आलाय.”