कावीळ झाली म्हणता, पण कोणती?

मी गेली एकोणीस वर्षं तालुक्याच्या गावी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रक्त घ्यायचं, टेस्ट लावायची, रिपोर्ट तयार करायचा, हे माझं काम. खाली लिहितेय ते माझ्या मावशीच्या घरातलं आहे आणि घरच्यांना विचारून लिहितेय.

दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये मावशीच्या गावात काविळीची साथ आली. एकाच आळीत तीन आठवड्यांत सव्वीस जण पिवळे पडले. त्यात माझा मावसभाऊ, वय चौतीस. आधी चार दिवस ताप आणि मळमळ, मग चहासारखी लघवी, मग डोळे पिवळे. मी सांगून सांगून त्याचं रक्त पाठवायला लावलं, पण रिपोर्ट यायच्या आधीच त्याला शेजारच्या गावात काविळीचं औषध देणाऱ्याकडे नेलं होतं. गळ्यात माळ घातली, चुन्याच्या पाण्यात हात धुतले, पाणी पिवळं झालं. रोज माळ लांब होत गेली आणि महिन्याभरात भाऊ खरंच बरा झाला.

माळ लांब होते कारण ओल्या काड्या वाळून आकसतात आणि गाठी सैल पडतात. हाताला आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस लावलेला असेल तर चुन्याच्या निवळीत पिवळा रंग येतोच, कावीळ असो वा नसो. पण माणूस बरा होतो हे खोटं नाही, आणि म्हणून लोकांचा विश्वास हटत नाही. तो बरा होतो कारण पाण्यातून येणारी कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस ए आणि ई, बहुतेकांच्या बाबतीत आपोआपच जाते. शरीर चार ते सहा आठवड्यांत विषाणू काढून टाकतं. या दोन्हींवर डॉक्टरांकडेही ठरलेलं औषध नाही. विश्रांती, पुरेसं खाणं-पिणं, लिव्हरला त्रास देणाऱ्या गोळ्या आणि दारू बंद, आणि रक्त गोठण्याच्या टेस्टवर लक्ष. माणूस बरळायला लागला, दिवसा झोपून रात्री जागा राहायला लागला, तर तासाभराचाही उशीर न करता मोठ्या हॉस्पिटलमध्ये.

तर भावाचा रिपोर्ट आला. हिपॅटायटिस ईचं आयजीएम पॉझिटिव्ह, म्हणजे संसर्ग ताजा. हे अपेक्षित होतं. पण खालच्या ओळीत एचबीएसएजीसुद्धा पॉझिटिव्ह होतं. म्हणजे हिपॅटायटिस बी.

घरच्यांना वाटलं, बीसुद्धा त्याच पाण्यातून आली असेल. तसं होत नाही. बी आणि सी रक्तातून जातात. न उकळलेली सुई, दुसऱ्याचं ब्लेड, जत्रेत एकाच सुईने केलेलं गोंदण, तपासणी न झालेलं रक्त. बी शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळालाही सहज जाते. बीचा विषाणू वाळलेल्या रक्ताच्या डागात आठवडाभर जिवंत राहू शकतो. २००९ साली गुजरातमध्ये मोडासा भागात वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्यामुळे बीची जी साथ आली, तिच्यात कितीतरी माणसं गेली. काविळीवर ब्लेडने चिरा देणाऱ्यांची मला म्हणूनच धास्ती वाटते. ईची कावीळ घेऊन गेलेला माणूस तिथून बी किंवा सी घेऊन घरी येऊ शकतो.

भावाच्या बाबतीत मात्र प्रश्न वेगळा होता. ही बी नवी की जुनी? त्यासाठी अँटी-एचबीसी आयजीएम ही टेस्ट असते. ताजा संसर्ग असेल तर ती सहसा पॉझिटिव्ह येते. त्याची निगेटिव्ह आली. सहा महिन्यांनी एचबीएसएजी पुन्हा केलं, तेव्हा ईची कावीळ कधीच विसरली गेली होती, पण बी तशीच. सहा महिन्यांनंतरही राहिली की तिला जुनाट म्हणतात. म्हणजे हा विषाणू कित्येक वर्षं त्याच्या अंगात होता आणि त्याला एकदाही साधा ताप आला नव्हता.

माझं सगळं म्हणणं इथे आहे. ‘कावीळ’ या शब्दाने आपली फार मोठी फसगत केली आहे. डोळे पिवळे म्हणजे कावीळ, डोळे पांढरे म्हणजे गेली. पण पिवळं करणाऱ्या ए आणि ई बहुधा निघून जातात, आणि वर्षानुवर्षं राहणाऱ्या बी आणि सी सहसा डोळ्यांत दिसत नाहीत. ए कधीच जुनाट होत नाही. ई होते ती क्वचित, अवयव बदललेल्या किंवा प्रतिकारशक्ती खूप खचलेल्या लोकांत. सीची लागण झालेल्या दहा जणांपैकी साधारण सात जणांत ती राहते. आणि बीचं सगळं गणित लागण झालेल्या वयावर असतं. मोठ्या माणसाला झाली तर शंभरातल्या पाचेक जणांत टिकते, बाकीचे तिला घालवतात. जन्माच्या वेळी झाली तर शंभरातल्या नव्वद बाळांत टिकते. बाळाचं शरीर त्या विषाणूला परका समजतच नाही.

म्हणून जुनाट बी सापडली की पहिला प्रश्न, आईचं काय? सहा महिने न थांबता, साथ चालू असतानाच मावशीचं रक्त घेतलं. पॉझिटिव्ह.

तेव्हा मावसबहीण पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली होती, सातवा महिना संपत आलेला. मी जिन्यात बसून तिची फाइल चाळली. तिसऱ्या महिन्यातल्या रिपोर्टवर एचबीएसएजी रिअॅक्टिव्ह, म्हणजे पॉझिटिव्ह, असं स्वच्छ छापलेलं होतं. जिथे नाव घातलं होतं तिथे कुणी तिला त्याबद्दल एक शब्द सांगितला नव्हता. हिमोग्लोबिनखाली लाल रेघ होती, या ओळीखाली नव्हती. आजही ते आठवलं की माझे हात गार पडतात.

त्या घरात त्या दिवशी दोन्ही धोके एकत्र होते. नळाला ई आणि तिच्या रक्तात बी. गरोदरपणात, त्यातही शेवटच्या तीन महिन्यांत, ई फार वाईट. इतरांत शंभरात एखादाही दगावत नाही, पण या बायकांत शंभरातल्या वीस-पंचवीसपर्यंत दगावल्याच्या नोंदी आहेत. ईची लस चीनमध्ये निघाली आहे, पण आपल्या लसीकरणात ती नाही. म्हणून तिला त्याच संध्याकाळी आमच्याकडे आणलं. ईची टेस्ट निगेटिव्ह आली, तेव्हा कुठे आई जेवली.

मग बी. रक्तातला विषाणू मोजला, तो मिलिलिटरला अकरा लाखांच्या वर होता. दोन लाखांच्या वर असेल तर बाळाला जपण्यासाठी आईला शेवटच्या तीन महिन्यांत टेनोफोव्हिर ही विषाणू दाबणारी गोळी देतात, रोज एक. तिची लगेच सुरू झाली. बाळंतपण कुठे होणार तिथे आधीच विचारून ठेवलं की इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन, फ्रिजमध्ये आहे का, कारण ते रात्री-अपरात्री मिळत नाही. मुलगी झाली. बारा तासांच्या आत एका मांडीत लस, दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिन. पुढे सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलेंट, ज्यात बीची लस असतेच. अंगावरचं दूध पहिल्या दिवसापासून पाजलं, त्याने बी पसरत नाही. वर्षाची झाल्यावर मी तिची टेस्ट लावली. एचबीएसएजी निगेटिव्ह, संरक्षण देणाऱ्या अँटिबॉडी भरपूर.

चोवीस तासांच्या आतली ती लस सरकारी दवाखान्यात प्रत्येक बाळाला फुकट आहे. तिला ‘बर्थ डोस’ म्हणतात. रविवार आहे, बाळ अशक्त आहे, उद्या बघू, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

सीबद्दल थोडंच लिहिते, कारण ती त्या घरात नव्हती. तिला लस नाही, पण बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरातले पंचाण्णव जण पूर्ण बरे होतात, आणि राष्ट्रीय कार्यक्रमात, जो २०१८ च्या २८ जुलैला सुरू झाला, बी आणि सी दोन्हींची तपासणी-औषधं मोफत आहेत. एकच गोष्ट लक्षात ठेवा. बरं झाल्यावरही सीची अँटिबॉडी पॉझिटिव्हच येत राहते. मोतिबिंदूच्या ऑपरेशनआधी असा रिपोर्ट बघून एक बरे झालेले काका लॅबमध्ये रडले होते. विषाणू आहे की नाही हे आरएनए टेस्टच सांगते.

आता पाण्याचं. साथीत ग्रामपंचायतीचा माणूस म्हणत होता की टाकीत क्लोरीनची टीसीएल पावडर रोज टाकतो, आणि ते खरं होतं. टाकीजवळच्या नळाला क्लोरीन दाखवणारी ओटी टेस्ट छान पिवळी यायची. आळीच्या शेवटच्या नळाला रंगच नाही. मध्ये पाइप गटारातून जात होता आणि जोड फुटला होता. पाणी एक दिवसाआड सोडत. पाणी बंद झालं की रिकामा पाइप बाहेरचं गटाराचं पाणी आत ओढतो, आणि उरलेलं क्लोरीन तिथेच संपतं. शेवटच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं. शिवाय लागण होऊन डोळे पिवळे व्हायला दोन ते आठ आठवडे जातात, म्हणजे पहिला रुग्ण दिसेपर्यंत आळी महिनाभर ते पाणी पीत असते. पाइप दुरुस्त होईपर्यंत पाणी खळखळ उकळून प्यायचं, एवढंच हातात असतं.

पण घरात पाणी कुणी उकळलं नाही, आणि भावाचं ताट मात्र वेगळं केलं. बी ताटातून पसरत नाही. वेगळं ठेवायचं ते रेझर, टूथब्रश, नेलकटर. वहिनीची टेस्ट निगेटिव्ह आली, तिला लशीचे तीन डोस दिले.

मावशीची फायब्रोस्कॅन केली तेव्हा लिव्हर बरंच कडक झालेलं निघालं. वय अठ्ठावन्न, कावीळ कधीच नाही. तिला टेनोफोव्हिर सुरू आहे, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. आमची आजी सेहेचाळिसाव्या वर्षी पोटात पाणी होऊन गेली होती. घरात सगळे म्हणत, कावीळ उलटली.

मावशीची आई ती माझ्या आईचीही आई. आईचं रक्त मी स्वतः घेतलं, टेस्ट स्वतः लावली. निगेटिव्ह. थोरल्या मामाचीही निगेटिव्ह. धाकटा मामा अजून म्हणतो, मला काही होत नाही, मी कशाला येऊ.

मामा, तू हे वाचशील हे मला माहीत आहे. या टेस्टला उपाशीपोटी यावं लागत नाही. कधीही ये, मी सातपर्यंत असते.