चिरंजीव कायम झाले

माणूस हुशार निघाला की त्याला कायम करण्याचं पत्र चहा गार व्हायच्या आत लिहून होतं. माणूस अगदीच कुचकामी निघाला, तर पत्र त्याहून छोटं असतं आणि ते लिहिताना चहा लागतही नाही. घोळ असतो तो मधल्या माणसाचा. ज्याने पहिले तीन महिने तुमचं रक्त आटवलं आणि पुढच्या तीन महिन्यांत हळूहळू परत भरलं, त्याच्याबद्दल एका पानात काय लिहायचं?

चाकणच्या एका कारखान्यात स्टोअर आणि खरेदी ही दोन खाती माझ्याकडे आहेत. स्टोअरला जूनमध्ये एक नवा असिस्टंट लागला. नाव सांगत नाही, आम्ही त्याला चिरंजीव म्हणायचो. रुजू झाला 2 जूनला, प्रोबेशन सहा महिन्यांचं. म्हणजे मुदत संपते 1 डिसेंबरला आणि कायम व्हायची तारीख 2 डिसेंबर. हा हिशेब सोपा वाटतो ना? आमच्याकडे या एका दिवसावरून एचआरच्या मॅडम आणि अकाउंट्सवाले यांच्यात दरवेळी जुंपते. तर नोव्हेंबरच्या मध्याला मॅडमचा निरोप आला, ‘तुमच्या मुलाचं कन्फर्मेशन आहे. मसुदा द्या.’ तुमच्या मुलाचं! बारशालाही कुणी इतक्या हक्काने मागं लागत नाही.

चिरंजीवांच्या पूर्वार्धाबद्दल थोडं सांगायला हवं. पहिल्याच महिन्यात एम-8 चे बोल्ट आले, 50 किलो. आम्ही विकत घेतो किलोवर, लाइनला देतो नगावर. त्यामुळे माल आल्यावर जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, करताना किलोचे नग करून घालावे लागतात. आमचा तो बोल्ट साधारण 15 ग्रॅमचा, म्हणजे तेहेतीसशेच्या आसपास नग झाले. चिरंजीवांनी ईआरपीत घातलं : 50. नग. संगणकाला वाटलं, कारखाना बोल्टांवाचून उपाशी मरतोय. त्याने इमानेइतबारे खरेदीची मागणी काढली, माझ्याच खात्यातल्या माणसाने तेवढ्याच इमानाने ऑर्डर टाकली आणि आठवड्याने आणखी 50 किलो बोल्ट दारात हजर. पुढे कित्येक दिवस स्टोअरमध्ये कुठलाही डबा उघडला तरी त्यात बोल्टच निघायचे. चिरंजीव शांतपणे म्हणाले, ‘सर, नगच आहेत ना ते?’ तात्त्विकदृष्ट्या बरोबर होतं.

शिवाय रिजेक्ट मालाला लाल टॅग लावायचा विसर पडणं, सकाळी वीस मिनिटं उशीर आणि दरवेळी नाशिक फाट्याचं ट्रॅफिक हे होतंच. नाशिक फाट्यावर रोज सकाळी ट्रॅफिक असतं हे त्याला रोज सकाळी नव्याने कळत असे.

उत्तरार्ध मात्र वेगळा निघाला. ऑक्टोबरमध्ये एका पुरवठादाराचा टेम्पो आला. चलनावर 500 नग. ड्रायव्हर नेहमीप्रमाणे घाईत, ‘सही द्या लवकर, अजून दोन ठिकाणी जायचंय.’ एरवी अशा वेळी भलेभले सही ठोकून मोकळे होतात आणि मग संध्याकाळी मोजतात. चिरंजीवांनी त्याला उभा ठेवला, माल मोजला, 480 भरला. मग ड्रायव्हरच्याच प्रतीवर ‘20 नग कमी’ असं लिहिलं, खाली त्याची सही घेतली आणि नंतर स्वतःची केली. हे स्टोअरच्या बाहेरच्या माणसाला किरकोळ वाटेल. पण एकदा कोरी सही गेली की पुरवठादार म्हणतो, माल तुमच्या दारात पूर्ण पोचला होता, पुढचं तुमचं तुम्ही बघा. त्या वीस नगांचे पैसे मग कुणाच्या बापाला परत मिळत नाहीत. त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा वाटलं, हा टिकेल.

पण वाटण्यावर पत्र निघत नाही. साहेबांना आकडे लागतात. आम्ही दर महिन्याला कुठलेही शंभर आयटम काढून रॅकवरचा माल आणि ईआरपीतला माल ताडून बघतो. पाचपर्यंत फरक निघाला तर चालतं. चिरंजीवांच्या सहा महिन्यांत फरक निघालेले आयटम होते 19, 16, 9, 14, 6 आणि 4. साहेबांनी मोबाइलवर बेरीज केली, सहाने भागलं आणि म्हणाले, ‘अकराच्या वर सरासरी आहे. पाच पाहिजे. हा नापास आहे.’

मी म्हटलं, ‘साहेब, सरासरीने बघितलं तर शिकणारा प्रत्येक माणूस नापासच होतो. पहिल्या महिन्याचे 19 त्याला जन्मभर फेडावे लागतील. शेवटचे दोन महिने बघा, पाच येतात.’

‘मग सप्टेंबरात चौदा कसे झाले? सुधारत होता ना?’

प्रश्न रास्त होता. मी जुने कागद काढले. सप्टेंबरात गणपती होते आणि स्टोअरचा हेल्पर कोकणात गेलेला. माल उतरवणं, रॅकला लावणं आणि एंट्री हे सगळं एकट्यावर आलं आणि एंट्र्या मागं पडल्या. माल रॅकवर होता, संगणकात नव्हता. जूनमधल्या चुका वेगळ्या होत्या : माल संगणकात होता, पण भलत्याच युनिटमध्ये. जूनमधली चूक न समजल्याची, सप्टेंबरातली हात अपुरे पडल्याची. आकडा बघून हा फरक कळत नाही, कागद उलटावे लागतात. साहेबांना कागद उलटायचा कंटाळा आहे, म्हणून त्यांनी लगेच मान्य केलं.

आता मसुदा. मॅडमनी जुना नमुना पाठवला. ‘आपल्या उत्कृष्ट कामगिरीने व्यवस्थापन अत्यंत प्रभावित झाले असून...’ हा नमुना कधीकाळी कुणा गुणी बाईंसाठी लिहिला गेला असावा, कारण मध्येच एका ठिकाणी ‘त्यांच्या प्रसूती रजेनंतरही’ असा उल्लेख राहून गेला होता. तो काढला तरी ‘उत्कृष्ट’ उरतंच. उद्या खरोखर काही बिनसलं आणि प्रकरण वाढलं, तर चिरंजीव हेच पत्र समोर ठेवतील : तुम्हीच तर प्रभावित झाला होता! मी ते वाक्य खोडलं. मॅडम म्हणाल्या, ‘अहो, एवढं कोण वाचतंय?’ एचआरच्या बहुतेक कागदांमागची श्रद्धा हीच असते.

मग साहेबांनी स्वतः लेखणी उचलली. ‘आपणांस या अटीवर कायम करण्यात येत आहे की, आपण येत्या तीन महिन्यांत वक्तशीरपणा व अचूकता यांत समाधानकारक सुधारणा कराल, अन्यथा...’ अन्यथाच्या पुढे तीन टिंबं होती. साहेबांना स्वतःची ती टिंबं फार आवडली होती.

आमचे कायदा सल्लागार दर गुरुवारी येतात. त्यांनी वाचलं आणि चष्मा काढला. ‘हे काय आहे? लग्न लागल्यावर तीन महिने बघू, असं म्हणता येतं का? कायम करायचं तर करा. खात्री नसेल तर प्रोबेशन वाढवा. पण वाढवल्याचं पत्र मुदत संपायच्या आत त्याच्या हातात पडलं पाहिजे, आणि किती दिवस वाढवलं, कशासाठी, हे त्यात स्पष्ट पाहिजे.’

‘आणि काहीच नाही दिलं तर?’ साहेबांनी त्यांच्या मनातला खरा पर्याय बोलून दाखवला.

सल्लागार खुलले. 1968 साली सर्वोच्च न्यायालयासमोर पंजाबच्या शिक्षण खात्यातल्या नोकरीचं धरमसिंग यांचं प्रकरण आलं होतं, तिथून त्यांनी सुरुवात केली. सार असं : नियमातच प्रोबेशनची कमाल मर्यादा ठरलेली असेल आणि ती ओलांडून माणसाला कामावर तसंच ठेवलं, तर तो कायम झाला असं धरलं जातं. तशी मर्यादा नसेल आणि लेखी कायम करेपर्यंत प्रोबेशन चालू राहील असं नेमणूकपत्रात असेल, तर मालकाच्या गप्प बसण्याने सहसा कुणी कायम होत नाही. आमच्या नेमणूकपत्रात दोन्ही वाक्यं होती. एक पानाच्या वर, एक पानाच्या खाली. ते कुणी लिहिलं, यावर सगळ्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

‘मग त्याच्या उशिराचं कुठे लिहायचं?’ मी विचारलं.

‘आढाव्याच्या फॉर्मवर. तारीख, काय झालं, काय सुधारायचं, पुढचा आढावा कधी. त्याची सही, तुमची सही. कायमपत्र हे बँकेत जातं, सासुरवाडीत जातं. त्यात तुम्ही लाल टॅगचं कशाला सांगताय?’

हे मला पटलं. आढाव्याचा फॉर्म दीड पान झाला. त्यात बोल्ट होते, 480 नग होते, सप्टेंबर होता आणि सकाळी 8.30 ची वेळ होती. पत्रात एवढंच उरलं : 2 जूनच्या नेमणूकपत्राचा संदर्भ. आढाव्यात झालेल्या चर्चेला अनुसरून आपणांस 2 डिसेंबरपासून स्टोअर असिस्टंट या पदावर कायम करण्यात येत आहे. गेल्या काही महिन्यांत साठ्याच्या नोंदींतील अचूकतेत झालेल्या सुधारणेची नोंद घेण्यात आली आहे. यापुढे राजीनाम्याची नोटीस पंधरा दिवसांऐवजी साठ दिवसांची राहील. हक्काची रजा आजपासून घेता येईल. बाकी अटी पूर्ववत. ‘नोंद घेण्यात आली आहे’ या चार शब्दांसाठी आमचा अर्धा गुरुवार गेला. साहेबांना ‘कौतुकास्पद’ नको होतं, मला ‘थोडीफार’ नको होतं.

पत्र हातात दिलं तेव्हा चिरंजीवांनी ते दोनदा वाचलं. मला वाटलं, आता डोळे भरून येतील.

‘सर, आधी पंधरा दिवसांत सोडता येत होतं, आता साठ दिवस? म्हणजे मी पर्मनंट झालो की अडकलो?’

‘दोन्ही,’ मी म्हटलं.

‘आणि पगार?’

‘एप्रिलला. सगळ्यांबरोबर.’

दुसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांचा फोन आला. ते एसटीतून निवृत्त झालेले, त्यामुळे नोकरी या विषयातले अधिकारी. पीएफ आता सुरू होणार का, असं त्यांनी विचारलं. तो पहिल्या महिन्यापासूनच कापला जातोय म्हटल्यावर त्यांनी चिरंजीवांना पाठीमागे हाक मारून पगाराच्या स्लिपा मागितल्या. मग ग्रॅच्युइटीची पाच वर्षं कायम झाल्यापासून मोजणार का, हा प्रश्न आला. रुजू झाल्या तारखेपासून, प्रोबेशनसकट, असं सांगितल्यावर त्यांचा आवाज मऊ झाला. ‘मग सहा महिने झाले म्हणायचे की! आता साडेचारच वर्षं,’ ते म्हणाले. मुलाला नोकरीत चिकटवून ठेवायचं त्यांचं गणित आमच्या नोटिशीपेक्षा पक्कं होतं.

दुपारी माझ्या टेबलावर पेढ्यांचा पुडा आला. पुड्याखाली रजेचा अर्ज होता. बहिणीचं लग्न, तेही नेमकं महिनाअखेरच्या मोजणीत. हक्काची रजा, हक्काच्या पहिल्याच दिवशी. मी पेढा तोंडात टाकून सही करायला पेन उघडलं. तारखा बरोबर होत्या, कारण लिहिलेलं होतं, आणि ‘एकूण रजा’ या रकान्यात वळणदार अक्षरात, युनिटसकट, भरलं होतं : 4 नग.