काका, जॉब असेल तर सांगा

नोकरी शोधताय? उत्तम. मग पहिली गोष्ट अशी की आपल्याबद्दल कुणालाही काहीही कळू देऊ नका. शिक्षण, अनुभव, राहण्याचं ठिकाण, कुठली पाळी चालते, या सगळ्या घरातल्या गोष्टी आहेत. त्या चारचौघांत बोलायच्या नसतात. ज्याला नोकरी लावून द्यायची हौस आहे त्याने त्या आपल्या अंतर्ज्ञानाने ओळखाव्यात.

मी चाकणच्या एका मशीन शॉपमध्ये प्रॉडक्शनला आहे. एचआरमध्ये नाही. तरी गावाकडे असा समज आहे की चाकणला नोकरी करणारा प्रत्येक माणूस खिशात चार-पाच जागा सुट्ट्या घेऊन फिरतो. तर गेल्या सोमवारी रात्री पावणेदहाला गावाकडच्या मित्राच्या भाच्याचा मेसेज आला. त्यावरून मी जे शिकलो ते तुमच्या भल्यासाठी सांगतो.

सुरुवात नुसत्या 'हाय काका'ने करा. पुढे काही लिहू नका. समोरच्याला रात्रभर विचार करू द्या, की कोण गेलं, कुणाचं लग्न ठरलं, की पैसे हवेत. मी सकाळी 'बोल रे' लिहिलं. दोन तासांनी उत्तर आलं, 'जॉब असेल तर सांगा ना'.

मी विचारलं, कसला?

'कसलाही चालेल.'

शिक्षण?

'झालंय.'

हे उत्तर पाठ करून ठेवा. 'झालंय.' यात खोटं एक अक्षर नाही आणि माहितीही एक अक्षर नाही. कुठलं झालंय असं विचारल्यावर पाऊण तासाने 'आयटीआय' आलं. ट्रेड कुठला विचारल्यावर दोन निळ्या टिका आल्या आणि पोरगं गायब. बुधवारी सकाळी गणपतीचा फोटो, खाली 'शुभ सकाळ', त्याच्या खाली 'काका काही झालं का?'

काय होणार होतं?

बायोडेटा मागितला तर तो मोबाईलने फोटो काढून पाठवा. फोटो तिरका असावा. मला आलेल्या फोटोत कागदाच्या डाव्या बाजूला चादरीवरची मोरपंखं स्पष्ट दिसत होती आणि उजव्या बाजूला जिथे अनुभव लिहिलेला असावा तिथे अंगठा होता.

फोन आला तर उचलू नका.

आता 'कसलाही चालेल'बद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण हा या विद्येचा गाभा आहे. तुम्हाला वाटतं की कसलाही म्हटलं की सगळी दारं उघडी राहतात. एमआयडीसीत 'कसलाही' नावाचं एक स्वतंत्र काम आहे आणि त्याला हेल्पर म्हणतात. एचआरच्या मॅडमकडे जी यादी असते तिच्यात एकेका ओळीवर एकेक जागा असते. व्हीएमसी सेटर, सीएनसी टर्निंग ऑपरेटर, क्वालिटी इन्स्पेक्टर, मेंटेनन्सला इलेक्ट्रिशियन. पुढे मशीन, अनुभव, पाळी. 'कसलाही' माणूस यातल्या कुठल्याच ओळीत बसत नाही. मग तो कुठे जातो? ठेकेदाराच्या वहीत जातो. तिथे विचारत नाहीत काही. आधार कार्ड, बँक पासबुक आणि सेफ्टी शूजचा नंबर दिला की उद्यापासून माल चढव-उतरव, कापलेल्या पार्टच्या कडेची बर काढ, पॅकिंग कर. काम वाईट नाही, करणारे मान खाली घालून करतात. पण तीन वर्षं मशीनवर काढलेल्या पोराने तिथून सुरुवात करायची, तर ती तीन वर्षं कुणी मोजत नाही.

मी तेच केलं. माझ्याकडे दुसरं होतं काय? 'आयटीआय झालेला मुलगा, कसलंही काम चालेल' एवढंच मॅडमना सांगितलं. त्यांनी ठेकेदाराचा नंबर दिला. तो मी पोराला पाठवला, तर इतका वेळ गप्प बसलेला मुलगा तीस सेकंदांत हजर.

'काका हेल्पर नको.'

अरे, कसलाही चालेल म्हणालास ना?

'हो, पण हेल्पर नाही.'

मग एकेक करून यायला लागलं. ठेकेदाराकडे नको, कंपनीच्याच रोलवर हवं. नाईट चालणार नाही. लांबही नको. म्हणजे अटी होत्या, त्याही नीट विचार करून ठरवलेल्या होत्या. फक्त सांगायच्या नव्हत्या. मी अंधारात एकेक जागा पुढे करायची आणि साहेबांनी नको म्हणायचं.

शहराचंही असंच. 'कुठेही जाईन' म्हणा. पुणे म्हटलं की पुणे. मात्र हडपसरला खोली घेऊन चाकणची सकाळी 7 ची पाळी धरायची असेल तर तुम्ही घरातून किती वाजता निघणार याचा हिशोब समोरच्याला करू देऊ नका. कंपनीची बस नाशिक फाट्यावरून निघते, भोसरी, मोशी करत वर येते. त्या रस्त्यावर राहणारा माणूस मॅडमना आधी हवा असतो, कारण तो पावसाळ्यातही वेळेवर गेटवर असतो. पण तुम्ही राहता कुठे हे गुप्त ठेवा. रांजणगावची जागा निघाली तर पुण्यापासून 50 किलोमीटर नगर रोडला गेल्यावर आठवेल की रोज एवढं जमणार नाही.

पाळीबद्दल मात्र मला हसत बोलता येत नाही, त्याला कारण आहे. दोन वर्षांपूर्वी मी एकाला असंच सेटर म्हणून चिकटवलं होतं. सगळ्या शिफ्ट चालतील म्हणाला होता. पहिले दोन आठवडे फर्स्ट आणि सेकंड शिफ्ट झाली. तिसऱ्या आठवड्यात नाईट लागली. दुसऱ्याच रात्री दीड वाजता मशीन बंद करून गडी गेटवर जाऊन बसला आणि सकाळच्या बसने जो गेला तो फोनसुद्धा उचलेना. रात्रीच्या पाळीत सेटर एकच असतो. त्याच्या भरवशावर चार मशीन आणि चार ऑपरेटर असतात. ऑपरेटर मशीनवर पार्ट लावतो, सायकल स्टार्ट दाबतो, गेज लावून बघतो. टूल तुटलं, ऑफसेट हलला, माप बाहेर गेलं की तो सेटरला हाक मारतो. सेटर गेटवर बसलेला असेल तर चारही मशीन सकाळपर्यंत उभी. दुसऱ्या दिवशी मॅनेजरसमोर मी उभा. 'तुमचा माणूस ना?' त्यानंतर वर्षभर मी दिलेला बायोडेटा मॅडम ढिगाच्या तळाशी सारायच्या, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. म्हणून मी पाळी विचारतो. माझी चौकशीची खाज म्हणून नाही विचारत.

असो. गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला त्याच्या आईचा फोन आला. माउली बोलायला लागली आणि मी बसमध्ये उभ्या उभ्या डोक्याला हात लावला.

'अहो भाऊ, साडेतीन वर्षं वाळूजला होता तो व्हीएमसीवर. मशिनिस्टचा आयटीआय आहे त्याचा. सेटिंग करायचा, एकटा. फानुक का काय म्हणतात ते सगळं येतं त्याला. कंपनी बंद पडली म्हणून सुटलं. दोन महिने झाले, मोशीला मित्राच्या खोलीवर आहे. नाईट तेवढी नको, पित्त उसळतं त्याचं.'

तीस सेकंद लागले त्या बाईला. शिक्षण, मशीन, कंट्रोल, अनुभव, आधीचं काम का सुटलं, राहतो कुठे, कुठली पाळी नको. एक प्रश्न विचारावा लागला नाही.

आता ऐका. आमच्याकडे डेव्हलपमेंट सेलमध्ये व्हीएमसी सेटरची जागा तीन आठवडे रिकामी होती. तिथे नवीन पार्ट पहिल्यांदा काढून बघतात. फिक्स्चर बांधायचं, डायल फिरवून सरळ करायचं, `G54` ला वर्क झिरो घ्यायचा, टूलच्या लांब्या भरायच्या, पहिला पार्ट हळूहळू सिंगल ब्लॉकवर काढून इन्स्पेक्शनला द्यायचा. घाईचं काम नाही, डोक्याचं आहे, आणि म्हणूनच तिथे फक्त जनरल शिफ्ट चालते. साडेआठ ते पाच. नाईट नाही. कंपनीच्या रोलवर. बस मोशीवरून जाते.

त्या पोराच्या मापाने शिवलेली जागा होती.

मी बसमधूनच मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, 'सर, काल सांगायचं ना. आज दुपारीच एकाला ऑफर लेटर दिलं. सोमवारपासून येतोय.'

काल. म्हणजे बुधवारी. बुधवारी मी गणपतीच्या फोटोला हात जोडत होतो.

आता गंमत पुरे. अरे गाढवांनो, लाज कसली वाटते? साडेतीन वर्षं सेटिंग केलीय ही काय लपवायची गोष्ट आहे? 'जास्त सांगितलं तर नको म्हणतील' असं त्याने नंतर मला सांगितलं. कोण नको म्हणेल? नाईट नको हे आधी सांगितलं असतं तर नाईटच्या जागा मी बाजूला काढल्या असत्या आणि मॅडमना पहिल्याच दिवशी विचारलं असतं की जनरलला सेटर कुठे लागतो का. अट सांगितल्याने जागा जात नाही. अट दडवल्याने जाते, आणि सांगणाऱ्याची पतही जाते. तुमच्याकडे डेटा पॅक आहे, दिवसाला दोनशे फॉरवर्ड टाकायला बोटं आहेत, आणि स्वतःबद्दल चार ओळी लिहिताना बोटं झडतात?

हे घ्या, मी लिहून देतो. त्याच्या नावाने लिहिलंय, तुम्ही आपलं भरा.

'काका, आयटीआय मशिनिस्ट. व्हीएमसी सेटर, फानुक कंट्रोल, 3 वर्षं 6 महिने, वाळूज. कंपनी बंद झाली. सध्या मोशीला राहतो, चाकण-भोसरी चालेल. फर्स्ट, सेकंड किंवा जनरल. नाईट जमणार नाही. आधीचा पगार अमुक. लगेच जॉइन होऊ शकतो. बायोडेटाची पीडीएफ सोबत.'

घड्याळ लावून टाईप करून बघितलं. दीड मिनिट लागलं, तेही मला, ज्याला मोबाईलवर मराठी टाईप करताना चष्मा कपाळावर चढवावा लागतो.

पोराला हे पाठवलं. निळ्या टिका आल्या. उत्तर आलं, 'ओके काका. दुसरीकडे काही असेल तर सांगा.'

कुठे दुसरीकडे, ते लिही ना मेल्या.