"कंटेंटच वीक होता" म्हणे

आज दुपारच्या मीटिंगमध्ये पुन्हा तेच वाक्य ऐकलं. एका क्लायंटची मुलांच्या निवासी उन्हाळी शिबिराची जाहिरात आपटली. 30 जागा, भरल्या 7. साहेबांनी लॅपटॉप मिटला, खुर्ची मागे केली आणि म्हणाले, "कंटेंटच वीक होता." झालं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि सगळ्यांच्या नजरा कोपऱ्यात बसलेल्या त्या मुलीकडे गेल्या, जिने तो मजकूर लिहिला होता. तिला नोकरीला लागून वर्षही झालेलं नाही. ती वहीत काहीतरी लिहीत राहिली. मला दिसत होतं, ती नुसत्या रेघा मारत होती.

तिचा मजकूर फेब्रुवारीत तयार होता, हो. क्लायंटने लोगोचा हिरवा आणखी थोडा हिरवा करण्यात दीड महिना घालवला आणि जाहिरात 18 एप्रिलला सुरू झाली. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. मे महिन्यात गावाला जाणाऱ्यांनी तिकिटं कधीच काढलेली असतात. शिबिराला पोरगं ठेवणार कोण, शेजारी? जाहिरातीखाली चार जणांनी लिहिलंय, "पुढच्या वर्षी जरा आधी कळवा." मजकूर वीक असता तर पुढच्या वर्षीची चौकशी कशाला केली असती लोकांनी?

पण मीटिंगमध्ये मी हे बोललो नाही. त्याचं कारण खाली येईलच.

माझ्या जवळच्या लोकांना वहिनीच्या फराळाची गोष्ट अर्धी माहीत आहे. उरलेली अर्धी आज सांगतो.

2024 च्या दिवाळीत वहिनीने परदेशी पाठवायच्या फराळाचं काम मनावर घेतलं. 5 किलोचा डबा, कुरिअरसकट 7,000 रुपये. चकली, कडबोळी, बेसनाचे लाडू, शंकरपाळे आणि थोडासाच चिवडा. थोडासाच, कारण कुरिअरवाला वजनाबरोबर खोक्याचं आकारमानही धरतो. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची, 5,000 ने भागायचं, आणि येणारा आकडा खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर पैसे त्याचे. चिवडा म्हणजे निम्मी हवाच. हे वहिनीने पहिल्याच खोक्यात शोधून काढलं होतं. मी जाहिरातवाला दीर. मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही चकलीचं बघा, बाकी माझ्यावर सोडा."

व्हिडिओ वहिनीनेच केला. पुतण्याने मोबाइल धरला. सोऱ्यातून चकली तेलावर पडते, तो आवाज, आणि मागून वहिनीचा स्वतःचा आवाज, "ही जरा वाकडी आली, ही आपल्याला." बस. संगीत नाही, काही नाही. मला तो व्हिडिओ घरगुती वाटला, आणि मी तसं तोंडावर म्हणालोसुद्धा.

बजेट 40,000. मी 34,000 लावले अमेरिकेतल्या मराठी लोकांवर, वय 25 ते 40. मला वाटलं, घराची आठवण त्यांना येते, पैसे त्यांच्याकडे आहेत, फराळ तेच खाणार. वहिनी ओट्यापाशी उभी होती. म्हणाली, "भावजी, फराळ मागवत नाहीत हो कोणी. पाठवतात."

मी हसलो. तिच्या समाधानासाठी 6,000 पुणे, ठाणे, डोंबिवलीच्या पन्नाशीपुढच्या लोकांवर टाकले.

एकूण ऑर्डरी आल्या 11.

भाऊबीजेला सगळे जमले होते. दादाने विचारलं, पैसे पाण्यात का? मी ताटावर बसल्याबसल्या म्हणालो, "व्हिडिओच कमी पडला. कंटेंट वीक." वहिनी श्रीखंड वाढत होती. तिने वाढणं थांबवलं नाही, काही बोललीही नाही. माझ्या ताटात मात्र दुसऱ्यांदा वाढायला आली नाही.

आकडे मी नीट उघडून पाहिले ते डिसेंबरात. लाज वाटते लिहायला, पण हो, डिसेंबरात. तोवर फक्त वरची एकूण बेरीज पाहिली होती, तीच आपण सगळे बघतो आणि निकाल देतो. फेसबुकच्या ॲड्स मॅनेजरमध्ये ब्रेकडाऊन नावाचं बटण असतं. वयाप्रमाणे, देशाप्रमाणे, दिवसाप्रमाणे तेच आकडे फोडून मिळतात. दोन मिनिटांचं काम. 11 पैकी 9 ऑर्डरी त्या 6,000 मधून आल्या होत्या. माझ्या 34,000 नी आणल्या 2.

आता गंमत बघा. अमेरिकेतल्या लोकांना व्हिडिओ आवडला नव्हता का? प्रचंड आवडला होता. ज्यांच्यासमोर तो आला त्यांतले शंभरात चाळीसेक जण पहिले तीन सेकंद उलटूनही थांबले होते. पंचवीस-तीस थांबले तरी आम्ही खूश असतो. कंटेंट खरोखर वीक असतो तेव्हा हाच आकडा आधी पडतो, अंगठा थांबतच नाही. इथे अंगठा थांबला होता. खाली बदाम होते, "आईची आठवण आली" होतं, "तोंडाला पाणी सुटलं" होतं. नव्हता तो फक्त एक प्रश्न, "केवढ्याला?" लोक थांबतात, हळहळतात, शेअर करतात, पण भाव विचारत नाहीत, तेव्हा माल आणि माणूस यांची गाठ चुकलेली असते. न्यू जर्सीत चकली दुकानात मिळते, मंडळाच्या दिवाळीत स्टॉल लागतो, शेजारची कोणीतरी काकू ऑर्डरी घेते. तिशीतला पोरगा स्वतःसाठी 7,000 चं पार्सल कशाला मागवेल? ते 7,000 त्याची आई देते. तिचे गुडघे गेलेत, तिला चार घाणे काढणं होत नाही, पण डबा गेला नाही तर तिची दिवाळी होत नाही.

पाठवतात हो. मागवत नाहीत.

वर मी आणखी एक शहाणपणा केला होता. उद्दिष्ट निवडताना मेसेज न निवडता लाइक-कमेंटवाला पर्याय निवडला. यंत्र बिचारं सांगितलेलं काम करतं. लाइक मागितले तर लाइक करणारे शोधून आणतं. म्हणजे चुकीची माणसं मी दोनदा निवडली, एकदा वयाने आणि एकदा त्या बटणाने.

मग वेळ. पितृपक्षात जाहिरात नको असं दादाने ठरवलं, 18 सप्टेंबर ते 2 ऑक्टोबर त्यात गेले. मग नवरात्र, मग दसरा 12 तारखेला. सुरुवात झाली 15 ऑक्टोबरला. कुरिअरवाला सांगत होता, 21 नंतर दिलेलं खोकं दिवाळीत पोचेल याची हमी नाही. म्हणजे विकायला खरा एक आठवडा. मी मात्र जाहिरात वसुबारसेपर्यंत, 28 तारखेपर्यंत, चालू ठेवली. त्या दुसऱ्या आठवड्यातले मेसेज वाचले तर पोटात कालवतं. "वेळेत पोचेल का?" "भाऊबीजेपर्यंत तरी?" असे 26 मेसेज. बहुतेक सगळे डोंबिवली-ठाण्याचे. ही माणसं बरोबर होती, त्यांना व्हिडिओ पटला होता, पैसे द्यायची तयारी होती. चुकलं होतं ते कॅलेंडर. वेळ चुकली की रस जिवंत दिसतो आणि विक्री मेलेली. शिबिराखाली "पुढच्या वर्षी आधी कळवा" लिहिणारे चौघे ह्याच जातीचे.

अमेरिकेत तर 5 नोव्हेंबरला अध्यक्षीय निवडणूक होती. सगळे उमेदवार त्याच फेसबुकवर जागा विकत घेत होते आणि आमची चकली त्यांच्याशी बोली लावत होती. हे मला आधी सुचू नये?

बरं, व्हिडिओत खोट नव्हती असं नाही. किंमत नव्हती, शेवटची तारीख नव्हती. ते सांगणारी पट्टी असती तर 26 मधले काही आधी जागे झाले असते. पण ती पट्टी टाकायचं काम वहिनीचं नव्हतं, माझं होतं.

माझं भांडण या क्रमाशी आहे. कंटेंट सगळ्यांना दिसतो, त्यावर मत द्यायला अक्कल लागत नाही, आणि तो सहसा ऑफिसातल्या सर्वात धाकट्या माणसाने केलेला असतो. म्हणून पहिला हात त्यालाच. खरं तर त्याचा नंबर शेवटचा. आधी बघा कोणाला दाखवलं. मग बघा कधी दाखवलं. योग्य माणसाने, योग्य दिवशी, पाहून पुढे सरकवलं, तेव्हा म्हणा वीक. बहिऱ्यांसमोर गाणं ठेवून गायकाला नापास करणारे आपण!

कोणीतरी म्हणेल, 11 ऑर्डरींवरून काय सिद्ध होतं. बरोबर आहे, फारसं होत नाही. म्हणून 2025 ला वहिनीच्या हातापाया पडलो आणि तोच व्हिडिओ परत चालवला. फक्त किंमत आणि तारखेची पट्टी घातली. घटस्थापनेला, 22 सप्टेंबरला सुरुवात, सगळे पैसे इथल्या पन्नाशीपुढच्यांवर, उद्दिष्ट मेसेज. अमेरिका वगळली, कारण 29 ऑगस्टपासून तिकडे 800 डॉलरच्या आतल्या पार्सलचीही ड्युटीमाफी गेली होती आणि कुरिअरचे भाव रोज बदलत होते. लंडन, दुबई, सिंगापूर एवढंच. बजेट 20,000, निम्मं. डबे गेले 43. एकदम इतक्या गोष्टी बदलल्या, त्यामुळे कशाने किती फरक पडला हे मी छातीठोक सांगू शकत नाही. पण वाकडी चकली तीच होती, आवाज तोच होता.

भाऊबीजेला चारचौघांत बोललो होतो, चूक कबूल केली ती मात्र स्वयंपाकघरात, एकटीला गाठून. ती म्हणाली, "असू द्या हो भावजी." ते जास्त लागलं.

आणि आज मी पुन्हा गप्प बसलो. कारण शिबिराच्या जाहिरातीची तारीख ज्या मेलमध्ये पक्की झाली, त्यात मीही होतो. "18 एप्रिल ठीक आहे" हे मीच लिहिलंय. ती मुलगी रेघा मारत होती आणि मी पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत-काढत होतो.

रात्री ब्रेकडाऊन काढून बसलोय. शंभरात 36 जण थांबलेत तिच्या मजकुरावर. उद्या अकराला उरलेली मीटिंग आहे. प्रिंट काढल्यात, तो मेलसुद्धा. सगळ्यांसमोर वाचणार आहे, माझी ओळ आधी.